शब्दचर्चा : ‘बेडिंग अँड सराउंड’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरवाला
एका नळपाणी योजनेच्या निविदेचे भाषांतर करत आहे. इंग्रजी बाबीत पाइपसाठी ‘सँड बेडिंग अँड सराउंड’ आहे. जुन्या मराठी प्रतीत तिथे नुसते ‘वाळूचा थर’ एवढेच लिहिले होते आणि ठेकेदाराने पाइपाखालच्या थराचाच दर भरला. चर ०.८ मीटर रुंद, पाइप ३१५ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा एचडीपीई, खाली १५० आणि वर १५० मिलिमीटर वाळू. पाइपाखालचा थर आणि पाइपाभोवतीची वाळू, हे दोन्ही अर्थ पोचवणारा शब्द कोणता?

मोजमाप
शब्दाआधी फरक किती आहे ते पाहा. नुसता खालचा थर म्हणजे ०.८ गुणिले ०.१५, दर रनिंग मीटरला ०.१२ घनमीटर. पूर्ण काम धरल्यास वाळूची उंची ०.१५ अधिक ०.३१५ अधिक ०.१५, म्हणजे ०.६१५ मीटर होते. रुंदीने गुणले की ०.४९२ घनमीटर, त्यातून पाइपने व्यापलेली ०.०७८ वजा करायची, उरतात ०.४१४. शंभर मीटरला ठेकेदाराच्या हिशेबाने सव्वाचार ब्रास, तर निविदेच्या हिशेबाने साडेचौदा ब्रासच्या वर वाळू लागेल. ‘थर’ या एका शब्दाने इतका फरक पाडला.

शब्दनिष्ठ
‘शय्या व वेष्टन’ हे शब्द सोपे आहेत आणि अर्थही नेमका देतात. ‘बेडिंग’ हा शब्द जागेवर सगळे वापरतात म्हणून सरकारी कागदातही तोच ठेवायचा, हे मला पटत नाही.

जागेवरचा
‘शय्या’ वाचून मुकादम हसेल. आमच्याकडे खालच्या थराला ‘गादी’ म्हणतात आणि बाजूची वाळू ‘भरून घ्या’ एवढेच सांगतात. मात्र ‘वेष्टन’ला माझा खरा आक्षेप हिशेबाचा आहे. वेष्टन चारही बाजूंनी असते, त्यामुळे खालची गादी त्यातही धरली जाऊन बिलात दोनदा येऊ शकते.

मोजमाप
हा आक्षेप रास्त आहे. गादी पाइपच्या तळापर्यंत आणि त्यापुढची सर्व वाळू दुसऱ्या बाबीत, असे लिहिले की दुसरी बाब ०.२९४ घनमीटर येते आणि बेरीज पुन्हा ०.४१४ जुळते. वजावट फक्त दुसऱ्या बाबीतून करावी.

अर्धा इंच
वजावटीत व्यास आतला घेतला तर पाइप बारीक ठरतो, वजावट कमी होते आणि वाळू जास्त दिसते. सिमेंटच्या पाइपात लोक हमखास हीच चूक करतात, असे मला वाटते.

मोजमाप
चूक लोक करतात, पण परिणाम आपण म्हणता त्याच्या उलट होतो. समजा, ३०० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपची भिंत ४० मिलिमीटर जाड आहे. बाहेरील व्यास ३८०. चर तेवढाच, ०.८ मीटरचा. आतला व्यास धरला तर वजावट घटते हे खरे, पण वाळूची उंचीही ८० मिलिमीटरने घटते आणि तिचा परिणाम मोठा असतो. बाहेरच्या व्यासाने दर मीटरला ०.४३१, आतल्याने ०.४०९. म्हणजे वाळू कमी पडते. एचडीपीईला पाइपचे नाव बाहेरच्या व्यासावरूनच पडते, त्यामुळे तिथे हा घोटाळा सहसा होत नाही.

गोठेवाला
माझ्या गोठ्यापासून विहिरीपर्यंत ११० मिलिमीटरचा पाइप ३० मीटर टाकायचा आहे, चर एक फूट रुंद. वाळू किती आणावी? शब्द कोणताही चालेल.

मोजमाप
प्रश्न वेगळा आहे, तरी सांगतो. चर ३०० मिलिमीटर आणि वर-खाली १०० मिलिमीटर धरल्यास दर मीटरला ०.०८४ आणि एकूण अडीच घनमीटर होतात. ब्रासला थोडे कमी. ही दाबून बसलेली वाळू आहे. ओलसर वाळू फुगलेली असते आणि गाडीतले माप भरल्यावर खाली बसते, म्हणून एक ब्रासवर थोडी जास्तच मागवा.

भाषांतरवाला
मग मी ‘पाइपखालील वाळूची गादी’ आणि ‘पाइपच्या बाजूंनी व वर १५० मिलिमीटरपर्यंत वाळूचा भराव’ असे लिहितो.

शब्दनिष्ठ
‘भराव’ म्हणजे उकरलेली मातीच परत टाकणे, असाच अर्थ वाचणारा घेईल. तो धोका ‘वेष्टन’मध्ये नाही.

जागेवरचा
‘वाळूचा’ हे विशेषण आहे ना? खरी अडचण वेगळी आहे. काळ्या मातीत कडा ढासळतात आणि ०.८ चा चर ०.९ होतो. त्या दहा सेंटिमीटरमागे दर मीटरला ०.०६ घनमीटरच्या वर वाळू जादा लागते, आणि बिल मात्र निविदेतल्या रुंदीनेच निघते. शब्दाबरोबर ‘मंजूर रुंदीनुसार’ की ‘प्रत्यक्ष रुंदीनुसार’ हेही लिहा.

शब्दनिष्ठ
ते अभियंत्याने ठरवावे. मी अजूनही ‘वेष्टन’वर ठाम आहे.