दोघांसाठी हॅचबॅक की छोटी सेडान?

«आम्ही दोघंच, बजेट कमी. शनिवार-रविवार फिरायला जातो. डिकी मोठी हवी म्हणून सेडान घ्यावी का?»

दोघंच असाल तर मी हॅचबॅकच घेईन. बऱ्याच छोट्या सेडान हॅचबॅकवरच बेतलेल्या असतात. इंजिन बहुतेकदा तेच, जास्तीचे पैसे जातात मुख्यतः डिकीला. हॅचबॅकची डिकी साधारण अडीचशे लिटरची, सेडानची चारशेच्या आसपास. पण मागची सीट पाडली की हॅचबॅकमध्ये सायकलसुद्धा पुढचं चाक काढून आडवी मावते. अनेक छोट्या सेडानमध्ये ती सीट पडतच नाही, आणि डिकीचं तोंड अरुंद. आमच्या जुन्या सेडानमध्ये आत जागा असूनही मोठी कडक बॅग तोंडातच अडकायची, शेवटी मागच्या सीटवर जायची!

हॅचबॅकची खोट एकच: सामान केबिनमध्येच असतं. सीट पाडून नेताना ते बांधा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की पुढे येतं. काचेतूनही दिसतं, तेव्हा सामानासकट गाडी लावून तासन्‌तास भटकणार असाल तर मात्र सेडान बरी.

शोरूमला जाताना नेहमीच्या दोन्ही बॅगा घेऊन जा आणि स्वतः भरून बघा. सेल्समन हसेल, हसू द्या.