गृहकर्जाच्या स्टेटमेंटमध्ये पार्ट पेमेंट नीट धरलंय का, कसं तपासायचं?

मृदुला_डोंबिवली

नमस्कार. मदत हवी आहे. गेले चार दिवस वही-पेन घेऊन बसतेय, पण हिशेब जुळत नाही.

30 लाखांचं कर्ज, व्याज 8.5 टक्के फ्लोटिंग, मुदत 20 वर्षं, हप्ता 26,035. पहिला हप्ता जून 2023 मध्ये गेला, दर अजून तोच आहे. डिसेंबर 2024 पर्यंत 19 हप्ते झाले, एकही चुकला नाही. शिवाय मधे दोनदा जास्तीचे पैसे भरले. 6 मे 2024 ला 2 लाख नेट बँकिंगने, आणि दसऱ्यानंतर 14 ऑक्टोबरला 1 लाखाचा चेक शाखेत दिला. तो दोन दिवसांत वटला, पासबुकात नोंद आहे.

काल स्टेटमेंट काढलं. डिसेंबरच्या ओळीत व्याज 19,124 आणि शिल्लक मुद्दल 26,92,919. उरलेले हप्ते 221 दाखवतात. 240 मधून 19 गेले की 221 राहतात, म्हणजे 3 लाख भरूनही मुदत एका महिन्याने कमी झालेली नाही! शाखेत विचारलं तर "सिस्टीममध्ये आपोआप होतं" एवढंच उत्तर मिळालं. हे पैसे आईने मोडलेल्या एफडीचे आहेत, त्यामुळे जीवाला घोर लागलाय.

सागर७७

ताई, घाबरू नका. हप्ता तेवढाच ठेवलाय ना? मग मुदत आपोआपच कमी होते. 221 हा आकडा जुन्या वेळापत्रकातला आहे. मुद्दल संपेल त्या दिवशी कर्ज संपेल.

प्राजक्ता_के

पण पार्ट पेमेंटवर 2 टक्के दंड कापतात ना? माझ्या भावाकडून घेतला होता. तुमचे 6 हजार त्यातच गेले असतील, ते आधी बघा.

निवृत्त_कर्जखाते

प्राजक्ता, भावाचं कर्ज स्थिर दराचं असेल. घरासाठी व्यक्तीच्या नावावर घेतलेलं फ्लोटिंग कर्ज असेल, तर मुदतीआधी भरल्याबद्दल बँकेला शुल्क लावता येत नाही. इथे तो प्रश्न नाही.

सागरचं अर्धं बरोबर आहे. मुद्दल खरोखर कमी झालं असेल तर 221 नुसता छापलेला आकडा ठरतो. पण मुद्दल कमी झालं का, हे आधी पाहायला हवं, आणि मृदुला, तुझ्या बाबतीत मला शंका आहे.

ते ओळखायची सोपी जागा म्हणजे व्याजाचा आकडा. शिल्लक रकमेची नोंद कुठल्याही रकान्यात बसवता येते, पण व्याज ज्या रकमेवर आकारलं ती रक्कम लपत नाही. डिसेंबरचं व्याज 19,124 आहे. त्याला 12 ने गुण आणि 0.085 ने भाग. उत्तर सुमारे 26,99,860 येतं. म्हणजे बँकेने त्या महिन्यात जवळजवळ 27 लाखांवर व्याज घेतलं.

आता तुझ्या बाजूने मोज. मे 2024 चा बारावा हप्ता गेल्यावर मुद्दल सुमारे 29,40,300 होतं. त्यातून 2 लाख वजा केले की 27,40,300. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे पाच हप्ते गेल्यावर सुमारे 27,06,700. चेकचा लाख तिथे वजा झाला असता तर डिसेंबरचं व्याज 18,415 च्या आसपास यायला हवं होतं. 19,124 आलंय, म्हणजे सातशेहून जास्त फरक. एक लाखावर 8.5 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 708 रुपये होतं, ते तेवढेच!

सारांश असा, की मे महिन्याचे 2 लाख मुद्दलात गेले, ऑक्टोबरचा लाख गेलेला नाही. स्टेटमेंटच्या शेवटी "एक्सेस अमाउंट" किंवा "ॲडव्हान्स" अशी ओळ आहे का बघ. चेकबरोबर "मुद्दल कमी करण्यासाठी" असं लेखी दिलं नसेल, तर काही ठिकाणी पैसे पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहतात आणि त्यावर तुला काहीच मिळत नाही.

मृदुला_डोंबिवली

काका, हात थरथरत होते बघताना. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, "एक्सेस अमाउंट 1,00,000" आहे! मी चेकच्या मागे फक्त कर्ज खात्याचा नंबर लिहिला होता. मग मुदतीत नेमका किती फरक पडतो?

निवृत्त_कर्जखाते

शीटमध्ये हे टाक:

```
=NPER(8.5%/12,-26035,2692919)
```

उत्तर 186.9 येईल, म्हणजे आजच्या मुद्दलावर 187 हप्ते उरलेत, 221 नाहीत. मे महिन्याच्या 2 लाखांनी 34 हप्ते वाचवले आहेत, फक्त बँकेने तुला ते दाखवलेलं नाही. लाखाचा भरणा ऑक्टोबरपासून मुद्दलात धरला तर शिल्लक 25,91,700 च्या आसपास येते आणि हप्ते 173 उरतात. म्हणजे या एका लाखात आणखी सुमारे 14 हप्ते आहेत. पहिल्या वर्षांत भरलेल्या पैशाचा परिणाम इतका मोठा असतो.

शाखेत लेखी अर्ज दे. त्यात चेकचा नंबर, वटल्याची तारीख, पासबुकाच्या पानाची प्रत, आणि "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" हे स्पष्ट शब्द. नाहीतर काही जण मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून देतात. मग दर महिन्याला खिशाला बरं वाटतं, पण व्याज जास्त जातं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे आणि सुधारित वेळापत्रक माग. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार फ्लोटिंग कर्जदाराला दर तिमाहीला स्टेटमेंट मिळायला हवं, त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजदर हवेत. त्यात 221 छापलं असेल तर तेच दाखव.

वसुंधरा_नाशिक

माझा वेगळाच प्रकार झाला होता. ॲपवरून स्टेटमेंट काढलं तर ते चालू आर्थिक वर्षाचंच येत होतं. मार्चमध्ये भरलेली रक्कम मागच्या वर्षात गेली, म्हणून "गायब" वाटली. मृदुला, कर्जवाटपाच्या तारखेपासूनचं पूर्ण स्टेटमेंट मागा आणि तुलना पासबुकाकडून सुरू करा. पासबुकातल्या प्रत्येक ओळीवर खूण करत जा, जिथे जोडी सापडत नाही तिथे थांबा. मी उलट करत होते, स्टेटमेंटच्या ओळी तपासत होते. जे तिथे छापलंच नाही, ते त्यातून कसं दिसणार?

आणि मुद्दलाचा भरणा 80सी मध्ये दाखवणार असाल, तर व्याज प्रमाणपत्रातही लाख आलाय का बघा. (जुनी करपद्धती असेल तरच.)

मृदुला_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज अर्ज दिला, पोच घेतली. पासबुकातले 19 हप्ते जुळले, फक्त हाच चेक मोकळा निघाला.

एक गोष्ट अडकलीय. अधिकारी म्हणतात, लाख आज मुद्दलात वळवू, पण व्याजाचा परिणाम आजपासून देऊ. चेक ऑक्टोबरमध्ये वटला, मग मधल्या काळाचं व्याज मी का सोडायचं?

निवृत्त_कर्जखाते

सोडू नकोस. पैसे वटल्या दिवसापासून बँकेकडे होते. ही रक्कम सुमारे दोन हजारांच्या आत असेल, तरी मागायची. पण तुझ्या लेखी सूचनेशिवाय ते मुद्दलात वळवायला बँक बांधील होती का, हे तुझ्या करारात कसं लिहिलंय त्यावर आहे. करार बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

तक्रार बँकेच्या तक्रार विभागाकडेही लेखी टाक. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं. आजची पोच जपून ठेव.

मृदुला_डोंबिवली

करारातलं प्रीपेमेंटचं पान शोधतेय. सापडलं की इथे टाकते.