केळ्याचा मिल्कशेक बाटलीत भरला की खाली पाणी, वर फेस. मदत हवी आहे

मृण्मयी_डोंबिवली

मुलगा सकाळी साडेसहाला क्लासला जातो आणि नऊ-साडेनऊच्या मधल्या सुट्टीत केळ्याचा मिल्कशेक पितो. दुसरं काही नेतच नाही. घरी ग्लासात ओतते तेव्हा मस्त दाट असतो, पण बाटली उघडेपर्यंत त्याचे थर झालेले असतात. वर तपकिरी फेसाचा जाड थर, खाली पांढुरकं पाणी. हलवून प्यायला सांगितलं तर म्हणतो, हलवल्यावर नुसतं पाणचट लागतं.

माझी कृती: दोन मध्यम केळी, 300 मिली टोन्ड दूध (तापवून गार केलेलं), दोन चमचे साखर, ट्रेमधले सहा बर्फाचे खडे. सगळं एकदम मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घालून दोन-तीन मिनिटं फिरवते, म्हणजे गुठळी राहायला नको. बाटली साधी स्टीलची आहे. आइस्क्रीम घालायचं नाहीये, रोजचं आहे म्हणून. काय चुकतंय?

पमाकाकू

अगं, केळं आणि दूध हा विरुद्ध आहार. आमच्याकडे शिकरणसुद्धा आता कमीच होतं. पण करायचंच असेल तर शिकरणाला पाणी सुटू नये म्हणून साखर अगदी वाढायच्या वेळी घालायची. आधी घातली की केळ्याच्या चकत्यांना पाणी सुटतं आणि दूध पातळ होतं. आमच्या सासूबाई केळीसुद्धा पानं मांडल्यावरच चिरायच्या.

मृण्मयी_डोंबिवली

काकू, शिकरण नाही हो, मिल्कशेक. मिक्सरमधला. पण साखरेचं लक्षात ठेवते.

चटपटीत

दूध फाटतंय ताई. केळं थोडं आंबटच असतं, त्यामुळे होतं. मी सांगतो ते करा: बर्फ पूर्ण बंद, दुधावरची साय दोन चमचे घाला, एक चमचा कॉर्नफ्लॉवर घाला आणि मिक्सर चांगला पाच मिनिटं चालू ठेवा, म्हणजे सगळं एकजीव होईल. माझा कधीच वेगळा होत नाही. अर्थात मी केला की लगेच पितो.

गोठणबिंदू

चटपटीत यांचं बर्फाचं अगदी बरोबर आहे, बाकीचं तपासून घ्यावं लागेल. मी सांगलीत घरगुती आइस्क्रीम आणि शेकचा छोटा व्यवसाय करतो, त्यामुळे हा त्रास रोजच्या ओळखीचा.

ताई, आधी एक बघा. खालचं पाणी कसं दिसतं? दूध फाटलं असेल तर ते पिवळसर-हिरवट आणि आरपार दिसणारं असतं, आणि वरच्या भागात रवाळ कण लागतात. तुम्ही पांढुरकं म्हणताय, म्हणजे ते पातळ झालेलं दूधच आहे. तसं असेल तर फाटलेलं नाही. पिकल्या केळ्याची आंबटाई गार दूध फाडण्याइतकी नसते. दूधच सकाळपर्यंत आंबायला लागलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग वेगळं का होतं? मिक्सर दोन-तीन मिनिटं फिरला की शेकमध्ये भरपूर हवा जाते. केळ्याचा गर त्या बुडबुड्यांना चिकटतो आणि त्यांच्याबरोबर वर चढतो. तुमचा तो तपकिरी थर नुसता फेस नाही, अर्धं केळं तिथे अडकलेलं आहे. हवा लागल्यामुळेच तो तपकिरीही पडतो. गर वर गेला की खाली उरतं ते दूध आणि वितळलेला बर्फ.

आता बर्फाचा हिशेब करा. साध्या ट्रेचा एक खडा साधारण 20 ग्रॅमचा धरला तर सहा खड्यांचं 120 मिली पाणी झालं. 300 मिली दुधात 120 मिली पाणी म्हणजे एका लिटरला 400 मिली! गवळ्याने एवढं घातलं असतं तर आपण त्याला दारात उभं केलं नसतं. टोन्ड दुधात स्निग्धांश आधीच 3 टक्के, तो या पाण्याने जेमतेम 2 वर येतो. घरी ग्लासात दाट वाटतो तो बर्फाच्या चुऱ्यामुळे आणि फेसामुळे. दोन्ही तासाभरात संपतात.

चटपटीत

बरं, फाटण्याचं मागे घेतो. पण साय का नको?

गोठणबिंदू

गार दूध, साय आणि पाच मिनिटं मिक्सर, हे तर लोणी काढायचं साहित्य झालं. शेकवर बारीक पिवळे कण तरंगतात आणि टाळूला चिकटतात. सायीऐवजी फुल क्रीम दूध घ्या. त्यात स्निग्धांश 6 टक्के असतो आणि तो दुधात सारखा मिसळलेला असतो. तापवल्यावर वर साय आली तर मिक्सरमध्ये घालण्याआधी दूध गाळून घ्या.

कॉर्नफ्लॉवर कच्चं घालून उपयोग नाही. ते शिजल्याशिवाय फुगत नाही, त्यामुळे बाटलीच्या तळाशी त्याचा साका बसतो. घालायचंच तर त्याच दुधात एक सपाट चमचा कालवून उकळी आणायची आणि मग पूर्ण गार करायचं.

केळीबाग

साक्यावरून सांगतो. आमचं गाव रावेरजवळ, घरची केळी आहेत. बरेचदा बाहेरून पिवळंजर्द दिसणारं केळं आतून कच्चंच असतं. घाईने पिकवलेलं. साल पिवळी पण देठ हिरवा, आणि सोलताना साल गराला धरून राहते. अशा केळ्यात पिष्ट साखरेत बदललेलं नसतं. ते मिक्सरमध्ये कितीही फिरवा, शेक दाट होत नाही. जिभेला खडूसारखं लागतं आणि तळाशी पांढरी पूड बसते.

शेकसाठी सालीवर तपकिरी ठिपके आलेलं केळं घ्या, पण पूर्ण काळं पडून लिबलिबीत झालेलं नको. ते गोड लागतं, पण गर सैल पडलेला असतो आणि शेक पातळच होतो. जात म्हणाल तर बाजारात मिळणारी नेहमीची लांब जी-नाइन चालते. वेलची केळी वास छान देतात, मात्र दोनऐवजी पाच तरी लागतील.

आणि कच्ची केळी फ्रिजमध्ये ठेवू नका, ती पिकायची थांबतात. आधी बाहेर पिकू द्या.

मृण्मयी_डोंबिवली

गोठणबिंदू दादा, पाणी पांढुरकंच आहे, आणि वरचा थर चमच्याने खाल्ला तर खरंच केळं लागतं! मग बर्फाशिवाय गार कसं ठेवायचं? तीन तास बाहेर असतो.

कोळीकोडकर

मी नोकरीनिमित्त कोळिकोडला असतो. इथे शार्जा शेक म्हणून प्रकार मिळतो, केळ्याचाच. बर्फाचा एक खडा नसतो त्यात. दुधाची पिशवीच फ्रीजरमध्ये दगडासारखी गोठवतात, ती आपटून तुकडे करतात आणि केळं, साखर, मॉल्टची पावडर घालून फिरवतात. चमच्याने खावा इतका दाट. ट्रेमध्ये पाण्याऐवजी दूध गोठवून बघा.

गोठणबिंदू

बसून लगेच प्यायला ती पद्धत उत्तम. डब्यासाठी मी दुधापेक्षा केळं गोठवतो. गोठलेलं दूध बाटलीत हळूहळू सुटं होताना कधीकधी त्यात बारीक कण दिसतात, आणि मुलं तेवढ्यावरून नाक मुरडतात.

ताई, असं करा. रात्री दोन केळी सोलून बोटभर जाड चकत्या करा आणि डब्यात सुट्या सुट्या पसरून फ्रीजरला ठेवा. सालीसकट ठेवू नका, सकाळी साल निघत नाही. सकाळी आधी गोठलेल्या चकत्या, साखर, दोन मोठे चमचे दुधाची पावडर आणि फक्त अर्धी वाटी गार दूध एवढंच भांड्यात घाला. पाती बुडेल इतपतच दूध हवं. सुरुवातीला अडकेल. बंद करून चमच्याने खाली ढकला आणि पुन्हा फिरवा. अर्ध्या मिनिटात लोण्यासारखा गुळगुळीत गोळा होतो. गुठळ्या मोडायचं काम इथेच संपवायचं. मग उरलेलं गार दूध ओतून मिक्सरचं बटण उलट्या बाजूला दोन-तीनदाच फिरवा, बास. दूध घातल्यावर जितकं कमी फिरवाल तितका फेस कमी.

ओतण्याआधी भांडं ओट्यावर दोन-चारदा हलकं आपटा आणि पाच मिनिटं राहू द्या. वर आलेला फेस चमच्याने काढून घरीच खा. बाटली गळ्यापर्यंत भरा, वर रिकामी जागा राहिली की दप्तरात ती घुसळत राहते.

बाटली मात्र साधी स्टीलची नको, दुहेरी भिंतीची घ्या. त्यात आधी दहा मिनिटं बर्फाचं पाणी भरून ठेवा, ते ओतून द्या आणि मग शेक भरा. मे महिन्यात तीन तास साध्या बाटलीत दूध ठेवणं दाटपणाच्याच नाही, पोटाच्या दृष्टीनेही धोक्याचं.

ओट्सवाली

दुधाची पावडर नको असेल तर एक मोठा चमचा ओट्स थोड्या दुधात रात्री भिजवून केळ्याबरोबरच वाटा. माझा ऑफिसला जाईपर्यंत टिकतो, उलट जास्तच घट्ट होतो. दोन चमचे घातलेत तर तीन तासांनी खीर पिताय असं वाटेल.

शंकासुर

मी शिजवलेल्या कस्टर्डचं दूध वापरून बघितलं होतं. केल्यावर झकास दाट, दोन तासांनी बऱ्यापैकी पातळ. कस्टर्ड पूर्ण गार केलं होतं, बर्फही नव्हता. असं का?

गोठणबिंदू

केळं पिकताना त्यातलं पिष्ट मोडणारी विकरं असतात, तीच कस्टर्डमधल्या पिष्टावर लागू पडत असावीत, असा माझा अंदाज. आमच्याकडे शेकमध्ये कस्टर्ड नसतं, आइस्क्रीमसाठी आणलेली सीएमसी पावडर चिमूटभर जाते. पण एका बाटलीसाठी तिचं माप घरी साधत नाही, जरा जास्त झाली की शेकला तार येते. कुणी केळं आधी वाफवून कस्टर्डमध्ये घालून पाहिलं असेल तर सांगा.

पमाकाकू

वाफवलेलं केळं? ते तर आम्ही राजेळी घेऊन करतो, तूप-साखर घालून.

मृण्मयी_डोंबिवली

कालपासून गोठवलेली केळी, फुल क्रीम दूध आणि जुनी थर्मासची बाटली असं चालू केलंय. खाली पाणी नव्हतं. वर बोटाच्या पेराएवढा फेस अजून येतोच, पण हलवल्यावर मिसळतो आणि पाणचट लागला नाही म्हणाला. रंग मात्र नऊपर्यंत मातकट झाला, आधीपेक्षा जास्तच. लिंबाचे थेंब घालू का?

केळीबाग

लिंबू दुधात नको ताई, थेंबाचे चार झाले की खरंच फाटेल. गोठवलेलं केळं सुटं झालं की लवकर काळवंडतंच. चमचाभर कोको घाला, रंगाचा प्रश्नच उरणार नाही.

मृण्मयी_डोंबिवली

कोको चालेल त्याला. पण तो गार दुधात विरघळतो का, की त्याचाही साका?

ओट्सवाली

गार दुधात गुठळ्या होतात. साखरेत कोरडाच कालवून केळ्याबरोबर वाटा. थोडा तळाला बसतोच, शेवटचा घोट जरा कडवट लागतो.