‘द्विनमुना’मधला नमुना कोणता? (आणि विहिरींच्या तक्त्याला जोडीची चाचणी लावायची का)

मचूळपाणी
गुहागरकडच्या आठ विहिरींच्या नोंदवहीचा फोटो आलाय. पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. रकाने दोनच : ‘आधी’ म्हणजे मे, ‘नंतर’ म्हणजे सप्टेंबर. फोटोची डावी कड कापली गेल्यामुळे विहिरींची नावं दिसत नाहीत.

| आधी | नंतर |
|---|---|
| ६२० | ५६० |
| ४१० | ३७० |
| ८८० | ७९० |
| ३५० | ३३० |
| ५४० | ४७० |
| ११५० | १०४० |
| ४७० | ४३० |
| ७०० | ६५० |

सोबत प्रश्न : ‘युग्मित चाचणी की द्विनमुना चाचणी, निवडा.’ विहिरीवरून बाटली भरून आणली की तिला आपण नमुना म्हणतो. मग इथे नमुने सोळा झाले. ‘द्विनमुना’ कुठून आलं?

ऱ्हस्वदीर्घ
संख्याशास्त्रात नमुना म्हणजे बाटली नव्हे, बाटल्यांचा अख्खा गट. मेचा एक, सप्टेंबरचा एक. शब्द चुकीचा नाही, पण प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला ‘दोन नमुन्यांची चाचणी’ म्हणजे दोन बाटल्या तपासणं असंच वाटणार. त्यात ‘चाचणी’ हा शब्दही पाण्याचीच आठवण करून देतो. ‘दोन स्वतंत्र गटांची चाचणी’ म्हणा, घोळ मिटेल. आणि ‘युग्मित’ऐवजी सरळ ‘जोडीची’.

खाजणकाठ
एवढा विचार कशाला? दोन्ही रकान्यांत आठ-आठ आकडे आहेत. संख्या सारखी असली की जोडीची, कमीजास्त असली की दोन गटांची.

कातळसडा
खाजणकाठ, निम्मंच बरोबर. संख्या सारखी नसेल तर पूर्ण जोड्या लागत नाहीत, हे खरं. उलटं मात्र खरं नाही. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या आठ विहिरी आणि सप्टेंबरात वरच्या सड्यावरच्या भलत्याच आठ घेतल्या, तरी आकडे आठ-आठच येतील. विचारायचं ते एकच : पहिल्या ओळीतले ६२० आणि ५६० एकाच विहिरीचे आहेत का? असतील तर जोडी, नसतील तर दोन गट. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द फक्त वेळ सांगतात, विहीर तीच आहे असं सांगत नाहीत.

निवड चुकली तर काय होतं, ते याच आकड्यांवर बघा. जोडी धरली तर प्रत्येक ओळीतली घट काढायची : ६०, ४०, ९०, २०, ७०, ११०, ४०, ५०. सरासरी ६०, प्रमाण विचलन सुमारे २९.३. त्याला ८ च्या वर्गमुळाने भागलं की १०.३५. ६० भागिले १०.३५ म्हणजे टी ५.८. स्वातंत्र्यमात्रा ७ ला ५ टक्के पातळीची सीमा २.३६५ आहे. टी तिच्या बराच वर, म्हणजे घट ठळक आहे.

तेच आकडे दोन स्वतंत्र गट म्हणून घ्या. सरासऱ्या ६४० आणि ५८०, फरक तोच ६०. पण आता भागायचं १२७ ने, कारण ३५० ची गोडी विहीर आणि ११५० ची मचूळ विहीर यांच्यातलं अंतरही त्या भाजकात शिरलं. टी ०.४७. घट दिसेनाशी झाली. पाणी तेच, फक्त विहिरी-विहिरींतला फरक वजा करायचा राहून गेला. आर भाषेत, may आणि sept हे दोन रकाने धरून, आधी जोडी आणि मग दोन गट :

```
t.test(may, sept, paired = TRUE)
t.test(may, sept)
```

एक्सेलमध्ये `=T.TEST(A2:A9,B2:B9,2,1)`. शेवटचा १ म्हणजे जोडी. असमान विचरणाच्या दोन गटांसाठी तिथे ३. हा आकडा न बघता सूत्र नुसतं खालच्या खणांत ओढलं, तर निकालाचा अर्थच बदलू शकतो.

कलमवाला
माका ह्याच इचारूचा होता. आमी धा कलमांर फवारणी केली, धा तशीच सोडली. मगे फळां मोजली. ह्या पण आधी-नंतरच झाला ना?

कातळसडा
नाही दादा, तुमचं फवारलेली आणि न फवारलेली असं झालं. कलमं निरनिराळी, म्हणून दोन गट. मात्र दर वेळी शेजारशेजारची, सारख्या वयाची दोन कलमं निवडून, नाणं उडवून त्यातल्या एकावर फवारणी केली असेल, तर ती जोडी ठरेल.

मचूळपाणी
पण नावंच दिसत नाहीत, तर ओळ एकाच विहिरीची हे फोटोवरून कसं ठरवायचं?

कातळसडा
पक्कं ठरवता येत नाही, अंदाज बांधता येतो. इथे ‘आधी’तल्या मोठ्या आकड्यासमोर ‘नंतर’चाही मोठा, लहानासमोर लहान आहे : ११५० समोर १०४०, ३५० समोर ३३०. विहिरी वेगळ्या असत्या तर असा मेळ सहसा बसला नसता. एक फसवणूक मात्र ध्यानात ठेवा. कुणी दोन्ही रकाने वेगवेगळे चढत्या क्रमाने लावले, तर मोठ्यासमोर मोठा आपोआप येतो आणि खोटी जोडी तयार होते. या तक्त्यात आकडे वरखाली आहेत, त्यामुळे तसं झालेलं दिसत नाही.

दुसरी चूक फोटोतच होते. वहीची दोन पानं दोन फोटोंत असली आणि जुळवताना एक ओळ सरकली, तर ६२० समोर ३७०, ४१० समोर ७९० असं होतं. गंमत म्हणजे सातही जोड्यांची सरासरी घट ४९ च्या आसपास येते, म्हणजे सरासरी बघणाऱ्याला संशयही येणार नाही. पण एक फरक २५०, पुढचा उणे ३८०, त्यापुढचा ५५०. विचलन साडेचारशेच्या वर जातं. म्हणून फरकांचा रकाना आधी नजरेखालून घाला. एकच फरक वेडावाकडा असेल तर १ चा ९ किंवा ५ चा ६ वाचला गेलाय का ते बघा. सगळेच असतील तर ओळ सरकली आहे.

खाजणकाठ
आकडे नीट घंटेच्या आकारात पसरलेले नाहीत. ११५० तर एकटाच पडलाय. मग टी चालेल?

कातळसडा
जोडीच्या चाचणीत रकान्यांचा आकार बघायचा नसतो, फरकांचा बघायचा. आणि फरक २० ते ११० मध्येच आहेत. तरी शंका असेल तर नुसती चिन्हं मोजा : आठही ठिकाणी घट. वाढ-घट नाण्यासारखी असती, तर आठही एकाच बाजूला पडण्याची शक्यता १२८ त एक. एवढंच की ही घट पावसामुळे की मधे कुणी गाळ उपसल्यामुळे, हे दोन्ही चाचण्या सांगत नाहीत.

मचूळपाणी
डाव्या कडेसह फोटो पुन्हा मागवला. सात ओळींत विहीर तीच. आठवीत मात्र ‘नंतर’च्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय : ‘शेजारची बाव’.

कातळसडा
मग ती ७००-६५० ची ओळ जोडी नाही. सात जोड्या घ्या : सरासरी घट ६१.४, टी ५.१९, सीमा २.४४७. निष्कर्ष तोच राहतो. ओळ का गाळली, हे तक्त्याखाली लिहा.

खाजणकाठ
शेजारची बाव त्याच झऱ्यावर असेल तर? गाळायची कशाला?

ऱ्हस्वदीर्घ
आणि तिचं पाणी ‘नमुना’ धरायचं की नाही, हे पुन्हा माझ्यावरच येणार. मी अजून ‘गट’ म्हणतोय. इतरांना काय वाटतं?