पॅनच्या आधी बँकेत नाव बदललं आणि रिफंड अडकला

सायली (बी-५०४): नमस्कार. कोणी सांगू शकेल का? माझा इन्कम टॅक्सचा रिफंड परत गेलाय. पोर्टलवर बँक खात्यासमोर नाव जुळत नाही असं येतंय. लग्नानंतर खातं नव्या नावावर केलं होतं.

देशमुख काका (ए-१०२): पॅनवर कोणतं नाव आहे?

सायली: माहेरचंच. बँकेतली मॅडम म्हणाली, आधी इथे करून घ्या, बाकीचं सावकाश करा.

देशमुख काका: तिथेच गडबड झाली. रिफंड पॅनवरच्या नावाने येतो. खात्यावर दुसरं नाव दिसलं की पडताळणी फेल.

जाधव (सी-२०१): गॅझेट लागतं. आमच्या मुलाचं केलं तेव्हा लागलं होतं.

कुलकर्णी काकू (ए-३०३): नाव बदलायचंच कशाला म्हणते मी? माझ्या सुनेने नाही बदललं, तिचं काहीच अडलं नाही.

सायलीच्या सासूबाई (बी-५०४): काकू, तो आमच्या घरचा प्रश्न आहे. रिफंडचं काही माहीत असेल तर सांगा.

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला 🙏 उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी १० नंतर पाणी बंद.

जाधव: गॅझेटशिवाय होत नाही.

देशमुख काका: जाधव, तुमच्या मुलाचं पहिलं नावच बदललं होतं, म्हणून गॅझेट. लग्नानंतरच्या बदलाला विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं. सायली, ते काढलंय ना? पत्रिकेच्या भरवशावर राहू नकोस.

सायली: हो, वॉर्ड ऑफिसचं आहे.

देशमुख काका: मग आधी आधार. केंद्रावर मूळ प्रमाणपत्र घेऊन जा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पावती हातात घेण्याआधी स्क्रीनवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाच. ते झालं की पॅनची दुरुस्ती. नंबर तोच राहतो.

सायली: मधलं नाव? बँकेने नुसतं N लावलंय.

देशमुख काका: तेच बघ. आधारवर "Sayali Nikhil Kadam" असेल तर पॅनवरही पूर्ण निखिल लिही आणि बँकेतही तसंच करून घे. आणि पॅनच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात वडिलांचंच नाव, निखिलचं नाही. आमच्या शाखेत निम्म्या मुली तिथे नवऱ्याचं लिहायच्या.

सायली: आणि रिफंड?

देशमुख काका: पॅन नव्या नावाने आलं की पोर्टलवर "My Bank Account" मध्ये जाऊन खातं पुन्हा व्हॅलिडेट कर. ते हिरवं झाल्यावरच "Refund Reissue" टाक. आधी टाकलंस तर पुन्हा परत जाईल.

मेघना (सी-४०२): पीएफचंही बघ गं. माझं नाव आधारशी जुळत नव्हतं म्हणून क्लेम परत आला. एचआरकडून जॉइंट डिक्लरेशन द्यावं लागलं.

सायली: बापरे, तिथेही जुनंच आहे 😟 काका, संध्याकाळी कागद घेऊन वर येऊ का?

देशमुख काका: ये. पासबुकही आण.

जाधव: तरी गॅझेट काढून ठेवलेलं बरं.

कुलकर्णी काकू: टाकी दहाला की नऊला?