पाडवा १९ ला की २० ला?

ए-१०४: सेक्रेटरी साहेब नोटीसमध्ये पाडवा २० मार्च लिहिलाय, कॅलेंडरात तर १९ ला लाल आहे

सेक्रेटरी: अहो १९ च्या चौकटीत अमावास्या छापलीय! अमावास्येला कोण गुढी उभारतं, म्हणून एक दिवस पुढे धरला

सी-२०१: पण २० ला द्वितीया आहे की, मग प्रतिपदा गेली कुठे 😄

बी-३०२ काका: गेली नाही, क्षय झालीय. नीट सांगतो. दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं. आता २०२६ चं बघा, १९ तारखेला मुंबईत सूर्य उगवतो साधारण ६:४३ ला आणि अमावास्या संपते ६:५३ ला, म्हणजे उगवतीला अमावास्याच, झाली चौकट तिच्या नावावर. मग प्रतिपदा सुरू होते ती २० च्या पहाटे ४:५२ ला संपते, सूर्य उगवायच्या आधीच. दोन सूर्योदयांच्या मध्ये आली न् गेली, तिला एकही सूर्योदय मिळाला नाही

ए-१०४: म्हणजे १० मिनिटांसाठी चौकट हुकली बिचारीची

सी-२०१: पण तिथी २४ तासांची नसते का काका

बी-३०२ काका: नाही ना. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी. चंद्र पृथ्वीच्या जवळ असला की पळतो, तिथी २० तासांपर्यंत आखडते, लांब असला की २६ च्या वर जाते. ही प्रतिपदा जेमतेम २२ तासांची. तिथी लांबली तर उलट दोन सूर्योदय खाते, तिला वृद्धी म्हणतात

सेक्रेटरी: ते ठीक, पण गुढी अमावास्येला कशी चालेल?

बी-३०२ काका: अमावास्येला नाहीच, ६:५३ नंतर प्रतिपदाच आहे. पाडव्याला उगवतीची प्रतिपदा बघतात, पण तीच क्षय असेल तर ज्या दिवशी ती लागते तोच दिवस घ्यायचा. २० ला उभारली तर ती द्वितीयेला होईल

डी-५०३: माझी नणंद द्वारकेला असते, तिथे सूर्य उशिरा उगवतो ना?

बी-३०२ काका: हो, सातला दोनेक मिनिटं कमी. म्हणजे तिथे उगवतीलाच प्रतिपदा, क्षय नाहीच! म्हणून पंचांग गावाप्रमाणे बदलतं. तारीख मात्र दोन्हीकडे १९ च

सी-२०१: मग गणपतीलाही असं होईल का

बी-३०२ काका: तिथे मध्यान्हाची चतुर्थी बघतात, आणि क्षय तिथी सकाळीच लागलेली असते, त्यामुळे दुपारी ती असतेच. चौकटीत फक्त तृतीया छापलेली दिसेल, घाबरू नका

सेक्रेटरी: नोटीस बदलतो. पण फुलवाल्याला तोरणांची ऑर्डर २० ची दिलीय 🙏

ए-१०४: आत्ता फोन करा त्याला, आणि गेटवरची गुढी सातनंतरच