मार्जिन कॉल: पैसे भरावेत की शेअर विकावेत?

> एमटीएफवर घेतलेला शेअर पडला, ब्रोकरचा मार्जिन कॉल आलाय. पैसे भरू की विकू?

एमटीएफ म्हणजे ब्रोकरच्या कर्जावर शेअर घेणं. समजा 40,000 तुमचे आणि 60,000 ब्रोकरचे घालून लाखाचे शेअर घेतले, मार्जिन म्हणजे तुमचा वाटा 40 टक्के. भाव 15 टक्के पडला की शेअर 85,000चे, कर्ज मात्र 60,000च. तुमचे उरले 25,000, हवेत 85,000चे 40 टक्के, म्हणजे 34,000. रोख 9,000 भरले की भागतं. विकून भागवायचं तर तब्बल 22,500चे शेअर काढावे लागतात, कारण विकून फक्त कर्ज कमी होतं, तुमचे 25,000 तेवढेच राहतात. भाव आणखी घसरला तर पुन्हा कॉल येईल, म्हणून उसने पैसे आणून अजिबात भरू नका, त्यापेक्षा विका. मुदत आजच बघा. ती टळली की ब्रोकर स्वतः विकतो, मग भाव आणि वेळ तुमच्या हातात राहत नाही.